सोनं घ्यायचंय? आधी अमेरिकेत किती जणांना नोकरी लागली ते विचारून या

घरात लग्न ठरलं असेल तर सोनं कधी घ्यायचं हे भटजींना विचारत बसू नका. भटजींना फार तर गुरूचा अस्त कळतो. सोन्याचा मुहूर्त वॉशिंग्टनमध्ये निघतो. तिथल्या कामगार खात्याचं ‘ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स’ नावाचं एक कार्यालय आहे. सहसा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, त्यांच्याकडे सकाळचे साडेआठ वाजले की ते सांगतं, गेल्या महिन्यात देशात किती नोकऱ्या वाढल्या. महिन्याच्या मध्यावर त्याच वेळेला महागाईचा आकडा येतो. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. थंडीच्या दिवसांत ते लोक घड्याळ एक तास मागे घेतात, मग आपले सात वाजतात. हे पंचांग भिंतीवर लावा आणि मगच पिशवी घेऊन बाहेर पडा.

पहिला सल्ला : दुकानात नेमकं सहाला दहा कमी असताना पोचा.

गेल्या महिन्यात मी पोचलो होतो. भाचीच्या लग्नाचं गंठण घ्यायचं होतं, बेळगावात शहापूरचं दुकान नेहमीचं, दुपारी फोन करून भावही विचारलेला. ‘‘या की काका, तुमच्यासाठी काय वेगळं,’’ असं गोड उत्तर मिळालेलं. गंठण पसंत झालं, वजन झालं, बिल करा म्हटलं, तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, ‘‘सिस्टीम स्लो झालंय बगा काका. चहा घ्या.’’ चहा आला. मालक मोबाईलकडं बघतायत, पोरगा मोबाईलकडं बघतोय, गल्ल्यावरचे काकासुद्धा चष्मा वर करून मोबाईलकडं बघतायत. सहा वाजून पाच मिनिटांनी सिस्टीमची तब्येत एकदम सुधारली आणि भाव दुपारपेक्षा चढा लागला. ‘‘अमेरिकेचा डेटा आला वो काका, आमच्या हातात काय हाय?’’

आणि आकडा उलटा आला, सोनं पडलं, तर? तेही पाहून झालंय. तेव्हा त्याच काउंटरवर ऐकलं होतं, ‘‘ते कमी झालंय एमसीएक्सच्या वायदेबाजारात. आमचा भाव उद्या सकाळी सराफ संघटनेकडनं येतोय.’’ वर जाताना अमेरिका थेट शहापुरात, खाली येताना संघटनेच्या दारात रात्रभर मुक्कामाला.

दुसरा सल्ला : कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किमान एक अर्थतज्ज्ञ पाळा. आमच्याकडे टिळकवाडीचा पुतण्या आहे. शुक्रवारी सकाळीच त्याचा संदेश येतो : ‘आज एनएफपी. थांबा.’ एनएफपी म्हणजे तोच नोकऱ्यांचा आकडा. घ्यायचं की नाही ते सांगत नाही, फक्त थांबा.

तिसरा सल्ला : आकडा चांगला आला की वाईट, हे अमेरिकनांच्या नव्हे, सोन्याच्या नजरेनं बघायला शिका. लोकांना नोकऱ्या लागल्या तर सोनं पडतं आणि लोक घरी बसले तर सोनं चढतं. कारण सोनं व्याज देत नाही. नोकऱ्या जोरात असल्या की तिथल्या मध्यवर्ती बँकेला, म्हणजे फेडरल रिझर्व्हला, व्याजदर उतरवायची घाई उरत नाही. मग सरकारी रोख्यांवरचं व्याज वाढतं, डॉलर वधारतो आणि व्याज न देणारं सोनं लोक विकतात. आणि आकडा मोठा आहे की लहान यानं काही ठरत नाही. अर्थतज्ज्ञांनी आधी जो अंदाज बांधलेला असतो, तो भावात आधीच मुरलेला असतो. आकडा त्या अंदाजापासून किती सरकला, तेवढ्यापुरतीच उडी.

आता ही उडी केवढ्या थोर ज्ञानावर मारली जाते ते बघा. 7 जून 2024, शुक्रवार. मे महिन्यात साधारण 1 लाख 80 हजार नोकऱ्या वाढल्या असतील असा अंदाज होता. आकडा आला 2 लाख 72 हजार. चीनच्या मध्यवर्ती बँकेनं 18 महिने सलग सोनं घेऊन मे महिन्यात हात आखडता घेतल्याची बातमी त्याच दिवशी आली होती, त्यामुळे सोनं आधीच घसरणीला लागलं होतं. त्यात हा आकडा. दिवसअखेर औंसामागे 80 डॉलरहून जास्त उतरले, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आपल्या हिशेबात मांडा : औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, रुपया तेव्हा साडेत्र्याऐंशीच्या घरात, आयात शुल्क त्या वेळी 15 टक्के. 10 ग्रॅमच्या तोळ्यामागे सुमारे अडीच हजार रुपये.

पण त्याच कागदावर, त्याच मिनिटाला आणखीही काही लिहिलेलं होतं. बेकारीचा दर 3.9 वरून 4 टक्क्यांवर गेला होता. नोकऱ्यांचा आकडा कंपन्यांना विचारून काढतात आणि बेकारीचा घरोघरी विचारून. घरोघरच्या पाहणीत काम करणाऱ्यांची संख्या वाढली नव्हती, तर 4 लाखांहून जास्त घटली होती. एका पाहणीत तेजी, दुसरीत मंदी! पण यंत्रं पहिला ठळक आकडा वाचून डोळ्याचं पातं लवायच्या आत सौदे टाकतात, बाकीचा कागद माणसं नंतर वाचतात. सोनं कधी कधी पहिल्या पाच मिनिटांत एकीकडे जातं आणि अर्ध्या तासात उलटं फिरतं, ते याचमुळे.

त्याहून मजा म्हणजे, हे कार्यालय स्वतःच सांगतं की आमच्या मासिक आकड्यात साधारण 1 लाख 30 हजार इकडे-तिकडे होऊ शकतात. अंदाज आणि आकडा यांत फरक किती होता? 90 हजार. म्हणजे ज्या फरकानं जगभरचं सोनं खाली आणलं, तो पाहणीच्या चुकीच्या पोटातच मावत होता. पुढच्याच महिन्यात त्यांनी 2 लाख 72 हजारांचे 2 लाख 18 हजार केले. 54 हजार नोकऱ्या अशाच गेल्या. घाबरून त्या शुक्रवारी सोनं विकलेल्यांना कोणी फोन करून कळवलं नाही.

चौथा सल्ला : ‘महागाई वाढली की सोनं वाढतं’ हे आजोबांचं वाक्य डेटाच्या संध्याकाळी म्हणू नका. 10 एप्रिल 2024 ला अमेरिकेची महागाई अंदाजापेक्षा जास्त आली आणि सोनं पडलं, कारण तेच, आता व्याजदर उतरणार नाहीत. दोन दिवसांनी त्याच सोन्यानं नवा उच्चांक केला. आजोबा वर्षांचा हिशेब सांगत होते, इथे मिनिटांचा चालतो. आपल्या देशाचा महागाईचा आकडासुद्धा दर महिन्याला येतो बरं का. त्यानं सोनं जागचं हलत नाही. घरचा आकडा, त्याला कोण विचारतो!

पाचवा सल्ला : पुतण्यासारखं सहाला दोन मिनिटं कमी असताना एमसीएक्सवर ‘गोल्ड मिनी’चा सौदा टाका. 100 ग्रॅमचा लॉट, 10 ग्रॅमच्या भावात रुपया हलला की तुमचे दहा रुपये हलले. भाव ठरावीक पातळीला आला की सौदा आपोआप तोडणारा स्टॉपलॉस लावलाय म्हणून निवांत राहा. आकडा यायच्या आधी मोठे खेळाडू आपल्या ऑर्डरी काढून घेतात, घेणारा आणि विकणारा यांच्या भावांत दरी पडते आणि सहा वाजता भाव पायऱ्या न उतरता थेट उडी मारतो. तुमचा स्टॉपलॉस मधल्या हवेत. बाजारभावाचा असेल तर कितीतरी खाली तुटतो, ठरावीक भावाचा असेल तर तुटतच नाही आणि तोटा वाढत जातो. पुतण्या याला ‘स्लिपेज’ म्हणतो. वहिनी काय म्हणतात ते इथे लिहिता येत नाही.

सहावा सल्ला : महागाईच्या आकड्यावर खूश होऊन झोपू नका. 12 जून 2024 ला संध्याकाळी सहाला महागाई थंड निघाली, सोनं चढलं. रात्री साडेअकराला फेडरल रिझर्व्ह म्हणालं, यंदा एकच दरकपात दिसते. मिळवलेलं बरंचसं रात्रीतच गेलं.

हे सगळं चालतं ते ठीक. ज्यांचा धंदाच मिनिटांचा आहे त्यांनी करावं. पण खानापूरची बाई मुलीच्या लग्नासाठी वर्षभर भिशी भरून आलेली असते, निपाणीचा माणूस उसाचं बिल हातात पडलं की येतो. उसाचं बिल 14 दिवसांत द्यायचं असं कायदा 1966 पासून सांगतोय, तिथं कुणाला घाई नाही. आणि अमेरिकेत कोणाला नोकरी लागली म्हणून या माणसाचा भाव पाच मिनिटांत बदलायचा?

थट्टा बास झाली. दुकानदारांनो, भाव बदलायचा तर बदला, तुम्हालाही मागून त्याच भावानं माल भरायचाय, हे कळतं. पण मग खाली येतानाही पाच मिनिटांतच बदला. दुपारी सांगितलेला भाव पाळायचा नसेल तर ‘सहानंतरचा भाव लागेल’ असं फोनवर सांगायला जीभ झिजते का? सिस्टीम स्लो आहे म्हणून चहा पाजणं ही शुद्ध लबाडी आहे.

आणि तुम्ही वाचणारे! भाव विचारता, पण किती वाजेपर्यंतचा ते विचारत नाही. थोडी रक्कम भरून भाव पक्का करा आणि पावतीवर भावासोबत वेळ लिहून घ्या, एवढंही करत नाही. शुक्रवारची संध्याकाळ टाळून गुरुवारी सकाळी जायला काय होतं? ग्रुपवरच्या ‘थांबा’वर महिनाभर थांबता आणि घडणावळ मात्र सांगतील ती मुकाट देता. हिशेब करा. त्या जूनमध्ये 22 कॅरेटचा तोळा 66 हजारांच्या आसपास होता, पाच तोळ्यांचे 3 लाख 30 हजार. घडणावळ 12 टक्क्यांवरून 8 वर आणली की 13 हजार वाचले. त्या काळ्या शुक्रवारची सगळी घसरण पकडली असती तरी पाच तोळ्यांच्या दागिन्यावर एवढे वाचले नसते. अमेरिकेचा आकडा तुमच्या हातात नाही, घडणावळीवर तोंड उघडणं आहे. तिथं मात्र ओळखीचं दुकान म्हणून लाजता. काउंटरवर उभे राहा आणि स्पष्ट विचारा : घडणावळ किती, ती कशावर लावली, खड्यांचं वजन सोन्यात धरलंय का. उत्तर मिळेपर्यंत चहा घेऊ नका.