एका मिनिटात किती मिनिटं?

घड्याळातलं मिनिट साठ सेकंदांचं असतं. ‘निघालोय, पाच मिनिटांत पोचतो’ यातलं मिनिट सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीवर अवलंबून असतं. या दोन्ही मिनिटांची मला सवय झाली आहे. पण धंद्यासाठी व्हर्च्युअल नंबर घ्यायला गेलं की तिसऱ्या जातीचं मिनिट भेटतं. ते प्लॅनच्या कागदावर राहतं आणि बिल आल्यावरच तोंड दाखवतं.

नात्यातल्या एका वहिनींचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. ऑर्डरी घ्यायला त्या स्वतः आणि एक मदतनीस, असे दोघींचे दोन मोबाइल. बॉक्सवर मात्र एकच नंबर छापायचा, कोणीही केला तरी तो दोघींपैकी जी मोकळी असेल तिच्याकडे जायचा, आणि बोलणं रेकॉर्ड व्हायचं, कारण ‘मी अर्धा किलो म्हटलं होतं, दीड नाही’ हा वाद चकलीइतकाच जुना आहे. कुटुंबात ‘याला त्यातलं कळतं’ असा माझ्यावर आळ असल्याने अशा व्हर्च्युअल नंबरच्या प्लॅनचा कागद माझ्यापुढे आला. मोठ्या अक्षरांत ‘फक्त ₹९९९ दरमहा’. त्याखाली १००० मिनिटं मोफत, जादा मिनिटाला ६० पैसे, ४ चॅनेल, नंबरचं भाडं महिना ₹३००, रेकॉर्डिंगला ५ जीबी जागा. त्याखाली एक तारांकित ओळ होती. भिंग नसताना ती डिझाइन वाटते.

वहिनींचा हिशोब सरळ होता. महिन्याला सहाशे कॉल, एकेक साधारण ८० सेकंदांचा. ६०० गुणिले ८०, भागिले ६०, म्हणजे ८०० मिनिटं. हजार मिळतायत, दोनशे उरतील. वहिनी हिशोबात चुकलेल्या नव्हत्या. त्या फक्त घड्याळातली मिनिटं मोजत होत्या.

पहिला फरक पल्सचा, म्हणजे कॉल किती सेकंदांच्या तुकड्यांत मोजतात त्याचा. तारांकित ओळीत ‘६० सेकंद पल्स’ असं असेल, तर ६१व्या सेकंदाला दुसरं मिनिट पूर्ण धरतात, रिक्षाच्या वेटिंगसारखं. ८० सेकंदांचा कॉल दोन मिनिटांचा होतो आणि ८००ची १२०० मिनिटं होतात. खरे कॉल लहानमोठे असतात, त्यामुळे दर कॉलमागे सरासरी अर्धं मिनिट फुकट जातं असं धरून चालावं. जितके कॉल छोटे आणि जास्त, तितकी ही गळती मोठी. ‘शंकरपाळे आहेत का?’ ‘आहेत.’ ‘बरं, ठेवतो.’ हा नऊ सेकंदांचा संवादही पूर्ण मिनिट खातो. १ सेकंदाचा पल्स मिळत असेल तर जादा मिनिटाचा दर थोडा चढा असला तरी बहुतेक वेळा तोच परवडतो.

दुसरा फरक जास्त बेरकी आहे. व्हर्च्युअल नंबरमागे सिमकार्ड नसतं, फोनही नसतो. ग्राहकाचा कॉल आधी कंपनीच्या सर्व्हरवर येतो. तिथे ‘नमस्कार, फराळासाठी १ दाबा’ वाजतं, आणि मग सर्व्हर वहिनींच्या मोबाइलला स्वतंत्र, दुसरा कॉल लावतो. दोन्ही जोडून दिले की संभाषण सुरू होतं. ग्राहकाला एक कॉल दिसतो, वहिनींना एक दिसतो, आणि सर्व्हरला दोन. या प्रत्येक तुकड्याला धंद्यात ‘लेग’ म्हणतात. काही प्लॅन फक्त बाहेर जाणारा लेग मोजतात, काही दोन्ही. दोन्ही मोजले तर आत येणाऱ्या लेगमध्ये १५ सेकंदांचं स्वागत, १० सेकंदांची रिंग आणि ८० सेकंदांचं बोलणं, मिळून १०५, म्हणजे दोन मिनिटं. बाहेरच्या लेगमध्ये ८० सेकंद, म्हणजे पुन्हा दोन. एका कॉलची चार मिनिटं, सहाशेची चोवीसशे.

आता बिल बघा. ९९९चा प्लॅन, ३०० भाडं, आणि जादा १४०० मिनिटांचे ८४० मिळून २१३९. त्यावर १८ टक्के जीएसटी ३८५ रुपये २ पैसे. एकूण २५२४ रुपये २ पैसे. त्यातल्या दोन पैशांबद्दल माझी काही तक्रार नाही.

मी सेल्सच्या मुलाला विचारलं, “मिनिटं कुठल्या लेगची धरता?”

“सर, मिनिटं म्हणजे मिनिटंच ना!”

तो खोटं बोलत नव्हता, त्यालाही कोणी सांगितलेलं नव्हतं. अशा वेळी वाद घालू नये, ट्रायल खातं मागावं. नव्या खात्यावर एकच कॉल करायचा, घड्याळ लावून बरोब्बर ७० सेकंद बोलायचं, आणि शिल्लक मिनिटं बघायची. एकाने कमी झाली तर पल्स सेकंदाचा आहे आणि दाखवताना आकडा जवळच्या पूर्णांकावर आणलाय. दोनने कमी झाली तर मिनिटाचा पल्स, एकच लेग. चारने कमी झाली तर दोन्ही लेग. मग डॅशबोर्डवरचं ‘ग्राहकाला फोन लावा’ हे बटण दाबून बघायचं. त्यात सर्व्हर आधी तुम्हाला फोन करतो, मग ग्राहकाला. दोन्ही लेग बाहेर जाणारेच, त्यामुळे एरवी एकच लेग मोजणाऱ्या प्लॅनमध्येही इथे बहुधा दुप्पट कापतात.

मिनिटं कळली की चॅनेलकडे वळायचं. चॅनेल म्हणजे एकाच वेळी चालू राहू शकणारे कॉल. ४ चॅनेल म्हणजे चार ग्राहक एकदम, असं कोणालाही वाटेल. पण प्रत्येक लेगला एक चॅनेल धरत असतील, तर चार चॅनेलमध्ये दोनच संभाषणं मावतात. त्यात वहिनींनी ‘दोन्ही मोबाइल एकदम वाजू देत’ ही सेटिंग निवडली, तर एक ग्राहक आत आणि दोन रिंगा बाहेर, असे तीन चॅनेल कोणी फोन उचलण्याआधीच अडकतात. दुसऱ्या ग्राहकाला वाट बघायला ओसरीवर जेमतेम जागा उरते. म्हणून चॅनेल कमी असतील तर एकीनंतर दुसरी अशी क्रमाने रिंग लावावी.

किती चॅनेल लागतील याचं गणित तयार आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग नावाच्या गणितज्ञाने ते १९१७ साली छापलं, आणि ते आजही चालतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी सात ते आठ हा वहिनींचा कळीचा तास. तेव्हा गिऱ्हाईक निवांत चौकशी करतं, वीस कॉल येतात आणि प्रत्येक तीन मिनिटं चालतो. वीस त्रिक साठ, म्हणजे तासभर सरासरी एक लाइन गुंतलेली. मग एक लाइन पुरावी? नाही, कारण लोक रांगेने फोन करत नाहीत. मालिकेत जाहिराती लागल्या की सगळे एकदम करतात. दोनच संभाषणं मावत असतील तर या सूत्राने पाचातला एक कॉल, म्हणजे विसातले चार, बिझी टोन ऐकतात. तीन मावली तर सोळातला एक. चार मावली तर शंभरातले दीडेक. दोनावरून तीनवर गेल्याचा फायदा मोठा आहे, चारनंतर पैसे वाया जातात. फोन उचलायला माणसं दोनच आहेत हे खरं, पण तिसऱ्याला ‘कृपया थांबा’ तरी ऐकू येतं. थांबलेला माणूसही चॅनेल अडवतो आणि आतला लेग मोजत असतील तर मिनिटंही खातो, हे मात्र विसरू नये.

आणि चॅनेल भरल्यामुळे परत गेलेला कॉल काही ठिकाणी मिस्ड कॉलच्या यादीतही येत नाही, कारण तो आत आलेलाच नसतो. वहिनी यादी बघून म्हणणार, ‘एकही कॉल चुकला नाही’, आणि गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीतून चिवडा नेणार. तपासायचं तर घरातले पाच मोबाइल गोळा करावेत, ओळीत बसावं आणि एकदम नंबर फिरवावा. कितव्या फोनला बिझी टोन येतो ते मोजायचं. दृश्य भजनी मंडळासारखं दिसतं, पण उत्तर कागदावरच्या आकड्यापेक्षा खरं असतं.

भाड्याबद्दल थोडक्यात. १८००ने सुरू होणारा नंबर घेतला तर फोन करणाऱ्याचे पैसे तुम्ही भरता, १८६०मध्ये ते तोच भरतो. आपल्याच गावातल्या फराळाला साधा नंबर पुरतो. विचारायचं एकच, भाडं थकलं किंवा कंपनी सोडली तर नंबर कोणाचा? बहुतेक वेळा तो कंपनीचाच राहतो आणि काही काळाने दुसऱ्याला जातो. आधी दोन हजार बॉक्सवर नंबर छापून मग हे विचारणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे स्टिकर भरपूर असतात.

राहिलं रेकॉर्डिंग. ५ जीबी म्हणजे किती, हे फाइलच्या प्रकारावर ठरतं. फोनचा आवाज न दाबता साध्या वेव्ह फाइलमध्ये ठेवला तर मिनिटाला जवळपास एक एमबी लागतो. ग्राहक आणि वहिनी वेगवेगळ्या ट्रॅकवर असतील तर दोन. म्हणजे बोलण्याची ८०० मिनिटं महिन्याला दीड जीबी खातात, आणि तीन महिन्यांत कपाट भरतं. तेच ३२ केबीपीएसच्या एमपी३मध्ये ठेवलं तर मिनिटाला पाव एमबीसुद्धा लागत नाही, दोन वर्षं सहज निघतात. ‘अर्धा’ आणि ‘दीड’ यातला फरक त्यातही स्वच्छ ऐकू येतो.

पण जागा उरली तरी मुदत संपते. तारांकित ओळीत ‘९० दिवस’ असतं, आणि जे आधी संपेल ते लागू. एखाद्या ऑफिसने दिवाळीला दीडशे बॉक्स नेले, तर त्यांचा अकाउंटंट फेब्रुवारीत उठून म्हणतो की आमचे सव्वाशेच ठरले होते. तोवर पुरावा पुसला गेलेला असतो. कपाट भरल्यावर काय होतं हेही विचारून ठेवावं. कुठे जुनं पुसून नवं भरतात, कुठे नवं रेकॉर्डिंग गुपचूप बंद पडतं. दर महिन्याच्या एक तारखेला सगळं उतरवून आपल्या हार्ड डिस्कवर ठेवणं हा त्यावरचा स्वस्त उपाय.

एवढं सगळं तपासून, दोन्ही लेग मोजणारा प्लॅनच शेवटी घ्यावा लागला, कारण वहिनींना आवडलेला नंबर त्याच कंपनीकडे होता. पुढच्या महिन्याचं बिल माझ्या २५२४पेक्षाही जास्त आलं. कॉल तेवढेच, बोलणं तेवढंच. शेवटी नंबर फिरवून ऐकला. ‘फराळासाठी १ दाबा’च्या आधी तीस सेकंद सनई वाजत होती. १०५ सेकंदांचा आतला लेग त्यामुळे १३५चा झाला होता, दोनाची तीन मिनिटं. सहाशे जादा मिनिटांचे ३६० रुपये, अधिक जीएसटी, म्हणजे सनईचे महिन्याला ४२४ रुपये ८० पैसे.

“सनई काढा,” मी म्हटलं.

वहिनी तयार होत्या. सनई सासूबाईंनी निवडली होती.

“बाकी वर्षभर काढा हवी तर,” सासूबाई म्हणाल्या, “दिवाळीत तेवढी राहू दे. तेव्हाच तर सगळ्यांचे फोन येतात.”