रिसेप्शनला घरचा टीव्ही चालतो का? फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

"ऑफिससाठी कमर्शियल डिस्प्ले अजिबात घेऊ नका. आतली काच तीच, कंपनी तीच, स्टिकर बदलून दुप्पट पैसे घेतात. ब्राइटनेस वगैरे सेल्समनच्या गप्पा. घरचा टीव्ही घ्या, पेनड्राइव्हवर व्हिडिओ टाका, झालं काम. बिघडला तर वॉरंटी आहेच."

मी छोट्या ऑफिसांमध्ये स्क्रीन बसवण्याचं काम करतो, आणि हा मेसेज वाचून खरेदी केलेली ऑफिसं मला मुंबईत मरोळच्या गाळ्यांपासून फोर्टच्या जुन्या इमारतींपर्यंत सगळीकडे भेटतात. मेसेजातला काचेचा मुद्दा बराचसा खरा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

एलसीडी स्क्रीनची मूळ काच, जिला धंद्यात ओपन सेल म्हणतात, ती बनवणारे मोठे कारखाने जगात मोजकेच आहेत. त्यामुळे घरगुती टीव्हीत आणि कमर्शियल पॅनेलमध्ये एकाच कारखान्याची काच असू शकते. पण काच स्वतः उजेड देत नाही. उजेड येतो तो मागच्या एलईडी पट्ट्यांमधून, आणि स्क्रीन म्हातारी होते ती बहुतेक वेळा त्या पट्ट्यांमुळे, त्यांना वीज पुरवणाऱ्या बोर्डामुळे आणि आत साठणाऱ्या उष्णतेमुळे. जास्तीचे पैसे मुख्यतः याच भागांसाठी आहेत.

आता तासांचा हिशेब करू. घरी टीव्ही रोज चार तास चालला तर वर्षाचे साधारण १,४६० तास होतात. रिसेप्शनची स्क्रीन रोज दहा तास, महिन्याला २६ दिवस धरली तर वर्षाचे ३,१२० तास. म्हणजे ऑफिसच्या एका वर्षात घरची दोन वर्षं संपतात. त्यात घरी आपण संध्याकाळच्या मंद उजेडात टीव्ही पाहतो, तर ऑफिसात कोणीतरी पहिल्याच दिवशी चित्र सगळ्यात भडक मोडवर नेऊन ठेवतं. एलईडीमधून प्रवाह वाढला की उष्णता वाढते आणि आयुष्य घटतं. कमर्शियल पॅनेलच्या माहितीपत्रकात १६/७ किंवा २४/७ असं लिहिलेलं असतं. रोज सोळा तास किंवा अखंड, आठवड्याचे सातही दिवस चालवण्यासाठी ते बनवलं आहे, असा त्याचा अर्थ. छोट्या ऑफिसाला २४/७ लागत नाही. ते विकायचा आग्रह कोणी करत असेल तर तिथेही नाही म्हणा.

मरोळमधल्याच एका कन्सल्टन्सीचं रिसेप्शन सांगतो. पश्चिमेला पूर्ण काच, समोरच्या भिंतीवर ४३ इंची घरगुती टीव्ही, आणि त्यावर सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसात एकच स्लाइड: वर लोगो, खाली सेवांची यादी. वर्ष उलटल्यावर तक्रार आली की व्हिडिओ लावला तरी मागे लोगो दिसतो. अशा वेळी स्क्रीनवर सपाट करड्या रंगाचं चित्र लावून बघायचं. त्या करड्या रंगात जुन्या स्लाइडची सावली दिसली तर चित्र रुतलं आहे. एलसीडीवर ही सावली पुष्कळदा हलतं चित्र किंवा पांढरी स्क्रीन रात्रभर चालवल्यावर जाते, आणि इथेही बरीचशी गेली. ओएलईडी असतं तर ती कायमची राहिली असती, म्हणून रिसेप्शनवर ओएलईडी नकोच. पण करड्या चित्रात दुसरी गोष्टही दिसली. खालच्या कोपऱ्यात निळसर छटा होती. एलईडीवरचा पिवळा फॉस्फरचा थर उष्णतेने खराब होऊ लागला की आतला मूळ निळा उजेड बाहेर यायला लागतो. ही सुरुवात असते. पुढे पट्टीतला एखादा एलईडी तुटला की, सगळे एकापाठोपाठ जोडलेले असल्याने, अख्खी पट्टी विझते. कधी पूर्ण स्क्रीन काळी होते आणि आवाज मात्र येत राहतो. तेव्हा अंधारात स्क्रीनला टॉर्च टेकवून तिरपं बघा. अंधूक चित्र दिसलं तर काच धडधाकट आहे, गेलं आहे ते मागचं दिव्याचं काम. मेसेजवाल्यांनी ज्या काचेचा हवाला दिला, ती बऱ्याचदा शेवटपर्यंत चांगलीच असते.

ब्राइटनेसला गप्पा म्हणणं तर त्या रिसेप्शनमध्ये दुपारी चार वाजता उभं राहून कोणालाच जमलं नसतं. साध्या घरगुती टीव्हीचा उजेड साधारण २५० ते ३५० निट्स असतो. ऑफिससाठीच्या १६/७ पॅनेलचा ३५० ते ४००च्या आसपास आणि २४/७ वाल्यांचा बहुधा ५००. आकड्यांतला फरक फार मोठा वाटत नाही, आणि केवळ आकड्यासाठी पैसे मोजू नका असं मीही सांगतो. खरा फरक काचेवरच्या लेपाचा पडतो. चांगल्या कमर्शियल पॅनेलवर खरखरीत, चमक कमी करणारा लेप असतो. माहितीपत्रकात तो 'हेझ' म्हणून टक्क्यांत दिलेला असतो, आणि २५ टक्क्यांच्या पुढे असेल तर खिडकीचं प्रतिबिंब पसरून फिकं होतं. गुळगुळीत काचेवर तीच खिडकी जशीच्या तशी दिसते.

खरेदीआधी एक साधी परीक्षा करा. जिथे स्क्रीन लावायची त्या उंचीवर कोणाला तरी आरसा धरायला सांगा आणि पाहुण्यांच्या सोफ्यावर बसून त्यात काय दिसतं ते पाहा. खिडकी किंवा ट्यूबलाइट दिसली तर तीच उद्या तुमच्या स्लाइडवर बसणार. हे कधीही नको, ऊन थेट आत येतं त्या वेळी करा. मरोळच्या त्या ऑफिसात आम्ही नवी स्क्रीन समोरच्या भिंतीवर न लावता खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर घेतली, आणि अर्धा प्रश्न तिथेच सुटला. भिंत बदलणं शक्य असेल तर आधी भिंत बदला. त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत नाही ना, हेही बघून घ्या, कारण ओल्या भिंतीपुढे महागडं पॅनेलही टिकत नाही.

पेनड्राइव्हचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण रोजचा त्रास त्यातूनच होतो. मुंबईतल्या कितीतरी छोट्या ऑफिसांत संध्याकाळी शेवटी निघणारा माणूस एमसीबी पाडून जातो. सकाळी वीज आली की बरेच घरगुती टीव्ही स्टँडबायमध्ये राहतात, लाल दिवा दाखवत. मग रिमोट शोधा, टीव्ही लावा, पेनड्राइव्हपर्यंत जा, व्हिडिओ निवडा, पुन्हा पुन्हा वाजण्याचा पर्याय लावा. रिसेप्शनवरच्या मुलीची सुट्टी असेल त्या दिवशी पाहुण्यांना टीव्हीचं होम पेज आणि सिनेमांच्या जाहिराती दिसतात. काही टीव्ही चार तास कोणी बटण दाबलं नाही की स्वतःहून बंद होतात. तो पर्याय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावा लागतो. शिवाय ऑफिस आणि पाहुणे एकाच वाय-फायवर असतील तर समोर बसलेल्या कोणाच्याही फोनवर तुमचा टीव्ही कास्ट करण्यासाठी दिसतो.

कमर्शियल पॅनेलमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होणं, ठरलेल्या वेळी चालू-बंद होणं, पेनड्राइव्हवरची यादी आपोआप वाजणं, बटणं आणि रिमोट लॉक करणं, या गोष्टी मेनूतच असतात. मरोळला वेळ लावली नऊ वीस ते सात चाळीस, उजेड सत्तर टक्क्यांवर आणला आणि एका स्लाइडच्या जागी पार्श्वभूमी आणि लोगोची जागा बदलत राहणाऱ्या सहा स्लाइड केल्या, म्हणजे लोगो एका जागी रुतणार नाही. स्क्रीन उभी लावायची असेल तर घरगुती की कमर्शियल हा प्रश्न आणखी सरळ आहे. घरगुती टीव्हीची हवा खेळण्याची छिद्रं आडव्या स्थितीसाठी योजलेली असतात. उभा केला की उष्णता एका कडेला साठते.

वॉरंटीबद्दल म्हणाल तर आधी कार्ड वाचा. घरगुती टीव्हीच्या बहुतेक वॉरंट्यांमध्ये घरगुती वापराची अट असते. कुठे व्यावसायिक वापर पूर्ण वगळलेला असतो, कुठे मुदत कमी केलेली असते. तुम्ही जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळावं म्हणून बिल कंपनीच्या नावावर घेता, आणि तेच बिल सर्व्हिस सेंटरला दाखवावं लागतं. तंत्रज्ञ ऑफिसच्या पत्त्यावर येतो, भिंतीवर लोगो पाहतो, आणि दावा तिथेच अडतो. दुकानातून घेतलेल्या वाढीव वॉरंटीतही हीच अट असू शकते. म्हणून पैसे देण्याआधी डीलरला मेल करा: जागा ऑफिसची आहे, रोज दहा तास वापर आहे, वॉरंटी लागू राहील का? लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराचा तोंडी होकार दोन वर्षांनी कामाला येत नाही, मेलवरचं उत्तर येतं. कमर्शियल पॅनेल घेतलं तरी एवढं लक्षात ठेवा की रुतलेलं चित्र तिथेही सहसा वॉरंटीबाहेरच असतं.

किमतीच्या बाबतीत मधली एक जात आहे जिचा मेसेजात उल्लेखच नाही. 'बिझनेस टीव्ही' या नावाने काही मोठ्या कंपन्या १६/७ वापराची मॉडेलं विकतात. दिसायला घरच्या टीव्हीसारखी, आत स्पीकर, पण सोबत वेळापत्रक, लॉक आणि ऑफिसात लागू असणारी वॉरंटी. किंमत घरगुती आणि पूर्ण कमर्शियल यांच्या मध्ये पडते. दहा-बारा माणसांच्या ऑफिसाच्या रिसेप्शनला, ऊन थेट काचेवर येत नसेल तर, मी हेच सुचवतो. मरोळलाही हेच लावलं.

मीटिंग रूमचं मात्र वेगळं आहे, आणि तिथे घरचा टीव्ही घ्या हा सल्ला मी स्वतः देतो. दिवसाला दोन-तीन तास वापर, पडदे ओढता येतात, चित्र सतत बदलतं, लावणारा माणूस समोरच असतो. वॉरंटीचा मेल तेवढा इथेही पाठवा. तिथे बघायचं ते अक्षर. टीव्ही सिनेमासाठी बनलेला असतो आणि रंगाची माहिती कमी करून दाखवतो. चेहऱ्यांवर ते कळत नाही, एक्सेलमध्ये कळतं. दुकानात स्वतःचा लॅपटॉप न्या, निळ्या पार्श्वभूमीवर लाल बारीक अक्षरं असलेली शीट उघडा. कडा फुटलेल्या दिसल्या तर टीव्हीच्या इनपुट यादीत जाऊन त्या एचडीएमआय पोर्टचं नाव किंवा चिन्ह PC करा. बऱ्याच टीव्हींवर अक्षरं लगेच स्पष्ट होतात. तरी झाली नाहीत तर तो टीव्ही सोडा. स्क्रीनच्या कडेला विंडोजची पट्टी कापली जात असेल तर चित्राच्या आकारात Just Scan किंवा त्या अर्थाचा पर्याय असतो, तो लावा. माउस ओढल्यासारखा मागून येत असेल तर गेम मोड लावून बघा, आणि लॅपटॉपमध्ये रिफ्रेश रेट ३० हर्ट्झवर अडकला आहे का तेही पाहा. अडकला असेल तर टीव्हीचा दुसरा पोर्ट किंवा दुसरी केबल लावा.

केबलवर पैसे वाचवू नका. टेबलाखालून फ्लोअरिंगमधून भिंतीवर जाईपर्यंत दहा फुटी खोलीतही केबल सात-आठ मीटर होते, आणि एवढ्या लांबीत साध्या तांब्याच्या केबलवर ४के चित्र पुष्कळदा मध्येच एक-दोन सेकंद काळं होऊन परत येतं किंवा त्यात ठिपके चमकतात. लोक टीव्हीला दोष देतात. अशा लांबीला ऑप्टिकल एचडीएमआय टाका. तिच्या एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. फ्लोअरिंग बंद करण्याआधी दिशा तपासा आणि चित्र लावून बघा, कारण उलटी टाकलेली ही केबल चित्र देत नाही.