फॉलबॅक आहे म्हणे!

बॉटमागचं AI मॉडेल कधी निवृत्त होणार ही तारीख महिनोन्महिने आधी कळते. तरी त्या दिवशी बॉट आडवा पडतोच, आणि दुसरा प्रोव्हायडर शेजारी धडधाकट उभा असतो! कारण फॉलबॅकची, म्हणजे दुसऱ्या प्रोव्हायडरकडे कधी वळायचं याची अट कुणीतरी अशी लिहिलेली असते:

```python
if status in (429, 500, 503):
    use_backup()
```

अहो, निवृत्त मॉडेलला बहुधा `404` येतो. तो या यादीत कुठेय? मग कुणीतरी वैतागून सगळेच `4xx` त्यात कोंबतो. झालं! आता आपल्याच चुकीच्या रिक्वेस्टचा `400` सुद्धा दुसऱ्या दारी जातो आणि मूळ बग झाकला जातो. फक्त `404` घाला, आणि तो आला की अलार्म वाजू द्या. नाहीतर पर्यायी मॉडेलच आठवडाभर गाडा ओढतं आणि कुणाला पत्ता नसतो.

टूल कॉल अर्धवट असताना प्रोव्हायडर बदलला तर आणखी मजा. एकाकडे टूलचं उत्तर `tool_result` ब्लॉकमध्ये, दुसऱ्याकडे `role: "tool"` च्या संदेशात. जुना इतिहास जसाच्या तसा पाठवला की `400` ठरलेला. इतिहास स्वतःच्या तटस्थ साच्यात साठवा, पाठवताना रूपांतर करा. आणि हे तपासायला निवृत्तीची वाट कशाला? स्टेजिंगवर मॉडेलचं नाव मुद्दाम चुकवा, पाच मिनिटांत कळतं. पण नाही!