पद्धतीची स्लाइड कधी ठेवायची, कधी मागे न्यायची

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख पटला नाही. ३८ पैकी ५ स्लाइड्स ठेवा म्हणता, पण पद्धतच दाखवली नाही तर लोक निष्कर्षावर विश्वास का ठेवतील? माझ्या सर्वेक्षणात नमुना कसा निवडला हीच खरी ताकद आहे. मी प्रत्येक भागातून थोडं थोडं कमी करून १२ स्लाइड्स केल्या. वेळ संपल्यावर मला थांबवलं, पण निदान काम अर्धवट तरी दिसलं नाही. आणि स्लाइड्स 'एकत्र करा' म्हणजे एका पानावर दोन पानांचा मजकूर कोंबायचा ना?"

नमस्कार. पद्धतीबद्दलचा तुमचा आक्षेप रास्त आहे. चाळीस मिनिटांचं ३८ स्लाइड्सचं सादरीकरण पाच मिनिटांत, पाच स्लाइड्समध्ये कसं बसवायचं, यावरच्या त्या लेखात मी ती बाजू नीट मांडली नव्हती, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी बारा स्लाइड्सचा हिशोब पाहू. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद, त्यामुळे एका स्लाइडला २५ सेकंद मिळतात. कुठलाही आलेख दाखवला की आडव्या अक्षावर काय आहे, उभ्यावर काय आहे आणि रंग कशाचे, हे सांगण्यातच पंधरा-वीस सेकंद जातात. हा खर्च स्लाइडमधला मजकूर कमी केल्यानं कमी होत नाही, तो प्रत्येक नव्या स्लाइडला पुन्हा द्यावाच लागतो. म्हणून सगळीकडून थोडं थोडं कापलं की ओळखी करून देण्यातच वेळ जातो आणि आलेख काय सांगतो ते राहून जातं. इग्नाइट नावाच्या प्रकारात पाच मिनिटांत २० स्लाइड्स असतात आणि दर १५ सेकंदांनी त्या आपोआप पुढे सरकतात, हे खरं आहे. पण त्या स्लाइड्स मुळातच एका नजरेत कळाव्यात अशा बनवलेल्या असतात. चाळीस मिनिटांच्या पीपीटीतले आलेख तसे नसतात.

आता त्या ३८ स्लाइड्सकडे येतो. काम असं होतं: एक ऑनलाइन अर्ज बरेच लोक मध्येच सोडून देत होते आणि त्याचं कारण आम्ही शोधत होतो. पार्श्वभूमीच्या ५ स्लाइड्स, पद्धतीच्या ७, निष्कर्षांच्या १४, प्रयोगाच्या ३, शिफारशींच्या ४, आणि बाकी शीर्षक, रूपरेषा, टीम, पुढचं काम, आभार. एकाही स्लाइडला हात लावण्याआधी मी एक वाक्य लिहून काढलं: "लोक कंटाळून अर्ज सोडत नाहीत, कागदपत्राचा फोटो एक एमबीपेक्षा मोठा असला की तो नाकारला जातो आणि कारण पडद्यावर दिसत नाही, म्हणून मर्यादा पाच एमबी करा." मग प्रत्येक स्लाइड झाकून स्वतःला विचारलं, ही नसेल तर समोरचा या वाक्यावर कुठे अडेल?

इथेच पद्धतीच्या सात स्लाइड्सचा निकाल लागला. मुलाखती कशा घेतल्या, नोंदी किती दिवसांच्या, कुठली साधनं वापरली, यातलं काहीही झाकलं तरी वाक्य उभं राहत होतं. एक स्लाइड झाकली आणि ते कोसळलं. फाइल नाकारण्याआधी सर्व्हर तिचा आकार नोंदवून ठेवतो, असं त्या स्लाइडवर होतं. हे माहीत नसलेला माणूस लगेच म्हणेल, "लोकांकडे कागदपत्रच नसेल, म्हणून सोडून गेले." म्हणजे पद्धतीची ती एक स्लाइड ठेवायलाच हवी होती. उरलेल्या सहा शेवटच्या स्लाइडच्या मागे नेल्या आणि त्यांचे क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवले. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असताना क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं. मुलाखतींबद्दल प्रश्न आला, तेव्हा ती स्लाइड लगेच समोर आणता आली.

एकत्र करण्याबद्दल मात्र मी ठाम आहे: दोन स्लाइड्स शेजारी चिकटवणं म्हणजे एकत्र करणं नव्हे. दोन्ही एकाच प्रश्नाचं उत्तर देत असतील तरच त्या एकत्र करायच्या, आणि त्या उत्तरासाठी चित्र नव्यानं काढायचं. आमच्या प्रयोगाच्या दोन स्लाइड्स होत्या, मर्यादा वाढवण्याआधीची आणि नंतरची. दोन्हींवर तेच खांब. पहिल्या आलेखाचा उभा अक्ष १०० पर्यंत होता, आणि दुसऱ्यात सॉफ्टवेअरनं तो आपोआप ३० पर्यंतच ठेवला होता. त्यामुळे गळती खूप कमी होऊनही 'नंतर'चा खांब 'आधी'च्या खांबाइतकाच उंच दिसायचा! चाळीस मिनिटांत मी ते तोंडानं समजावून सांगत होतो, म्हणून कधी लक्षातच आलं नाही. एकाच अक्षावर दोन्ही खांब शेजारी काढले आणि समजावण्याची गरजच संपली. तिसरी स्लाइड प्रयोगाच्या मर्यादांची होती: प्रयोग एकाच अर्जावर झाला होता. ती गेली, पण तिच्यातलं ते एक वाक्य नव्या आलेखाखाली आलं आणि मी ते मोठ्यानं वाचून दाखवतो. वेळ कमी आहे म्हणून मर्यादा गाळणं मला मान्य नाही. दावा लहान करा, पण त्याची अट ठेवा.

सगळ्यात जड गेली ती वयोगटांची स्लाइड. तिच्यावर खूप मेहनत होती आणि दिसायलाही ती देखणी होती. पण ती झाकल्यावर वाक्याला काहीच झालं नाही. उलट ती असती तर सगळे प्रश्न वयावरच आले असते.

उरलं ते असं. लोक कुठे थांबतात, हा तीन महिन्यांचे तीन आलेख मिळून केलेला एक आलेख, ४० सेकंद. फोटो नाकारल्यावर अर्जदाराला दिसणारा पडदा, जसाच्या तसा, ७० सेकंद. नाकारलेल्या फाइलींचे आकार आणि वर सर्व्हरच्या नोंदीचं ते एक वाक्य, ७० सेकंद. आधी आणि नंतर, ६० सेकंद. मागणी, ४० सेकंद. एकूण २८०, वीस सेकंद हाताशी.

तरीही पहिल्या तालमीला सात मिनिटं लागली. कापलेल्या पीपीटीत नेहमी होणारी चूक तेव्हा सापडली. लाल रंग म्हणजे 'नाकारलेली फाइल' हे नवव्या स्लाइडवर सांगितलेलं होतं, ती स्लाइड गेली, पण लाल ठिपके तसेच राहिले. मी दर वेळी थांबून त्यांचा अर्थ सांगत होतो. बोलताना "हे मघाशी सांगायला हवं होतं" असं तोंडात आलं, की समजावं कुठल्यातरी गेलेल्या स्लाइडचा धागा लोंबतोय. ठिपक्यांच्या शेजारीच 'नाकारलेल्या' असं लिहिलं, रंगावर अवलंबून असलेली अशी आणखी दोन ठिकाणं सुधारली, आणि पुढच्या तालमीत पाच मिनिटांच्या आत आलो.

तुमचं सर्वेक्षण मी पाहिलेलं नाही. पण तुमचं एक वाक्य "आधीच्या सर्वेक्षणांत अमुक गट सुटला होता, म्हणून त्यांचे आकडे चुकले" अशा धाटणीचं असेल, तर नमुना निवडीची स्लाइड झाकताच ते पडेल. मग ती पहिल्या दोन स्लाइड्समध्येच यायला हवी, भरपूर वेळ देऊन, आणि कापायचे ते निष्कर्षांतले तक्ते. वाक्य वेगळं असेल तर यादीही वेगळी निघेल. ते वाक्य इथे लिहिलंत, तर बारापैकी कुठल्या ठेवायच्या ते आपण मिळून पाहू.