ब्रँड सर्च जाहिरातीमुळेच वाढला, हे कशावरून? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «लेख वाचला, पटला नाही. आमची व्हिडिओ मोहीम चालू होती तेव्हा गूगल ट्रेंड्सचा आलेख वर गेला खरा, पण ते दिवस हंगामाचे होते, तेव्हा तो दरवर्षीच जातो. शिवाय आमचं नाव शोधणारे निम्मे लोक लॉगिन करायला आलेले जुने ग्राहक असतात. विक्रीच्या अहवालात व्हिडिओच्या नावावर जवळजवळ शून्य दिसतं. ‘ब्रँड सर्च वाढला’ ही एजन्सीवाल्यांची पळवाट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.»

नमस्कार. व्हिडिओ जाहिरातीने ब्रँड सर्च, म्हणजे तुमचं नाव टाकून होणारे शोध, वाढतात, हे माझ्या लेखातलं म्हणणं तुम्हाला पटलं नाही. तुमचे हंगाम आणि लॉगिन हे दोन्ही आक्षेप रास्त आहेत, आणि ते बाजूला काढता येतात. शून्य विक्रीचा मुद्दा मात्र मला मान्य नाही, म्हणून आधी त्याबद्दल.

फीडमध्ये किंवा एखाद्या व्हिडिओच्या आधी जाहिरात पाहणारा माणूस त्या क्षणी दुसरंच काहीतरी पाहायला आलेला असतो. तो क्लिक करत नाही. नाव डोक्यात राहिलं तर संध्याकाळी किंवा चार दिवसांनी गूगलवर टाइप करतो, वर दिसणाऱ्या तुमच्याच सर्च जाहिरातीवर किंवा खालच्या साध्या निकालावर क्लिक करतो आणि खरेदी करतो. शेवटच्या क्लिकला श्रेय देणारा अहवाल ही विक्री सर्चच्या खात्यात टाकतो. त्यामुळे व्हिडिओने काहीच केलं नसेल तरी तुमच्या अहवालात शून्य दिसेल, आणि भरपूर काही केलं असेल तरीही जवळपास शून्यच दिसेल. दोन्ही परिस्थितींत तोच आकडा देणाऱ्या अहवालावरून निकाल लावता येत नाही.

आता ट्रेंड्स. त्यातला 0 ते 100 हा आकडा शोधांची संख्या नसतो. त्या काळात, त्या भागात झालेल्या एकूण शोधांमध्ये तुमच्या नावाचा वाटा किती, हे निवडलेल्या मुदतीतल्या सर्वांत उंच बिंदूला 100 धरून दाखवलेलं असतं. मुदत बदलली की मागचे सगळे आकडे बदलतात. शिवाय तो नमुन्यावर काढलेला असल्याने लहान ब्रँडचा आलेख उगाचच उड्या मारतो. दिशा पाहायला ट्रेंड्स ठीक आहे, हिशेबाला नाही.

‘स्पर्धकाच्या नावाशी तुलना करा, म्हणजे हंगाम कटेल’ असा सल्ला अनेक जण देतात. तो मी देणार नाही. याहूच्या मुखपृष्ठावरच्या जाहिरातींवर रँडल लुईस आणि डॅन गुयेन यांनी केलेल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की जाहिरातीमुळे त्या ब्रँडचे शोध वाढतात, तसे स्पर्धकांचेही वाढतात. माणसाला वस्तूची आठवण होते आणि तो पर्यायही बघतो. म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची, त्यालाच तुमची जाहिरात ढकलत असते.

हंगाम वजा करण्याचा माझ्या मते भरवशाचा मार्ग एकच: काही प्रदेशांत जाहिरात दाखवायची, काहींत मुद्दाम दाखवायची नाही. हंगाम दोन्हीकडे येतो, जाहिरात एकीकडेच.

इथे पहिली अडचण मोजणीची येते. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये तुमच्या नावाच्या शोधांची इम्प्रेशन्स, म्हणजे निकालांत तुम्ही किती वेळा दिसलात ते आकडे, मिळतात, 16 महिन्यांपर्यंत मागे जाता येतं, आणि स्वतःच्या नावाला तुम्ही बहुधा पहिल्याच क्रमांकावर असल्याने ती संख्या शोधांच्या बरीच जवळ जाते. पण भूगोल फक्त देशापर्यंत. देशातल्या प्रदेशांची फोड तिथे नाही. म्हणून मी गूगल ॲड्समधल्या ब्रँड कॅम्पेनचा मोजपट्टीसारखा उपयोग करतो. तुमच्याच नावाच्या कीवर्डवर दोन सारखी कॅम्पेन करायची: एक व्हिडिओ दाखवायच्या प्रदेशांपुरतं, दुसरं न दाखवायच्या. लोकेशनच्या पर्यायात `Presence` निवडायचं, नाहीतर त्या प्रदेशात केवळ ‘रस असलेले’ बाहेरचे लोकही मोजले जातात. बजेट आणि बोली दोन्हीकडे अशी ठेवायची की जाहिरात दिवसाच्या मध्येच थांबणार नाही. मग दर आठवड्याला एवढंच:

```
searches ≈ impressions ÷ Search impr. share
```

इम्प्रेशन शेअर म्हणजे जाहिरात जितक्या वेळा दिसू शकली असती, त्यांपैकी प्रत्यक्षात किती वेळा दिसली. समजा 7,360 इम्प्रेशन्स मिळाली आणि इम्प्रेशन शेअर 92% आहे, तर शोध साधारण 8,000. या भागाकारामुळे बजेट किंवा बोलीतल्या चढउताराचा परिणाम बराचसा निघून जातो. नुसती इम्प्रेशन्स पाहिली तर स्पर्धकाने बोली वाढवताच तुमचे ‘शोध’ कमी झाल्यासारखे दिसतील.

लॉगिनवाल्यांसाठी login, password, refund, customer care असे शब्द या दोन्ही कॅम्पेनमध्ये निगेटिव्ह कीवर्ड म्हणून टाका आणि त्यांच्यासाठी तशीच वेगळी जोडी करा. त्यांना फेकून देऊ नका, कारण तीच तुमची उलटतपासणी आहे. नवा माणूस लॉगिन शोधत नाही, त्यामुळे व्हिडिओने हे शोध फारसे वाढायला नकोत. ते ब्रँड सर्चच्या बरोबरीने वर गेले, तर काहीतरी भलतंच घडलंय: ॲप बंद पडलं, कुठलीशी बातमी आली किंवा जुन्या ग्राहकांना मेल गेला. अशा वेळी जाहिरातीने शोध वाढवल्याचा दावा सोडून द्यायचा. साधं नाव टाइप करून लॉगिनला जाणारे जुने ग्राहक मुख्य गटात उरतातच, पण ते दोन्ही प्रदेशांत असल्याने तुलनेत आपोआप कटतात.

याच्या उलट, नावाची चुकीची स्पेलिंगं मात्र मुख्य गटातच ठेवा. व्हिडिओत नाव ऐकून टाइप करणारा कानाला जसं आलं तसं लिहितो, देवनागरीतही लिहितो. सर्च कन्सोलच्या रेजेक्स फिल्टरमध्ये हे सगळे प्रकार एकत्र बघता येतात (`brandname` च्या जागी तुमचं नाव):

```
brand ?name|brandnem|ब्रँडनेम
```

मोहिमेच्या काळात अशा वेड्यावाकड्या स्पेलिंगांचा वाटा वाढला, तर नवे लोक येत असल्याची ती चांगली खूण असते. पुरावा नव्हे, खूण.

आता हिशेब करून दाखवतो. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. व्हिडिओच्या प्रदेशांत मोहिमेआधी आठवड्याला सरासरी 8,000 शोध आहेत, न दाखवलेल्यांत 10,000. गुणोत्तर 0.80. मागच्या 12 आठवड्यांत ते 0.77 ते 0.83 मध्ये हलत राहिलं. हे हलणं आधी नोंदवून ठेवायचं, कारण पुढे सगळं त्याच्यावर उभं आहे.

मग चार आठवडे मोहीम चालली आणि हंगामही आला. व्हिडिओच्या प्रदेशांत सरासरी 10,080 शोध झाले. एजन्सी म्हणेल, 26% वाढ! पण जाहिरात न दाखवलेल्या प्रदेशांतही शोध 11,200 वर गेले. म्हणजे जाहिरात नसती तरी इकडे 11,200 × 0.80 = 8,960 झालेच असते. जाहिरातीचं म्हणता येईल असं उरलं 1,120, म्हणजे 12.5%. जवळपास निम्मी वाढ हंगामाची होती, हे तुमचं बरोबरच. पण गुणोत्तर 0.90 झालंय आणि ते नेहमीच्या हलण्याच्या बाहेर आहे. लॉगिनच्या जोडीचं गुणोत्तर मात्र 0.78 वरून 0.79, म्हणजे जागच्या जागी. हीच 12.5% मी कुणासमोरही ठेवीन. गुणोत्तर 0.82 झालं असतं तर मी गप्प बसलो असतो.

मोहीम संपल्याबरोबर मोजणं थांबवू नका. पुढच्या आठवड्यात गुणोत्तर 0.86, त्यानंतर 0.82, मग परत 0.80. न दाखवलेल्या प्रदेशांत या आठवड्यांत 11,000 शोध धरले, तर मागे रेंगाळलेले 660 आणि 220 मिळतात, जरी ते 220 नेहमीच्या हलण्यात मोडतात. चार आठवड्यांचे 4,480 धरून एकूण साधारण 5,360. व्हिडिओचा खर्च या आकड्याने भागा, म्हणजे एका जादा शोधाची किंमत कळेल. ती तुमच्या ब्रँड सर्चमधून होणाऱ्या विक्रीच्या प्रमाणाशी ताडून पाहा, पण जरा हात राखून: व्हिडिओमुळे आलेला माणूस जुन्या ग्राहकापेक्षा कमी खरेदी करेल असंच धरून चाला. आणि हे शोध आहेत, माणसं नव्हेत. एकच माणूस तीनदा शोधतो.

यात बिघडतं कुठे? सर्वांत जास्त प्रदेश निवडताना. ‘जिथे आपली विक्री चांगली तिथे व्हिडिओ लावू’ म्हटलं की प्रयोग तिथेच संपला, कारण तिथली वाढ मुळातच वेगळी असते. एकमेकांसारखे चालणारे प्रदेश जोडीने घ्या आणि कुठे दाखवायचं ते नाणं उडवून ठरवा. मधल्या काळात एकाच बाजूला सवलत किंवा होर्डिंग येणार नाही, हेही बघा. व्हिडिओ लोकांनी पुढे पाठवला तर न दाखवलेल्या प्रदेशांतही थोडे शोध वाढतात, पण त्यामुळे तुमचं उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं, जास्त नव्हे. ती चूक परवडते.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, गूगलची सर्च लिफ्ट चाचणी आहेच. जाहिरात पाहू शकणाऱ्यांपैकी काहींना यादृच्छिकपणे वगळून गूगल आणि यूट्यूबवरचे दोन्ही गटांचे शोध ती मोजते. रचना उत्तम आहे. पण ती गूगलवरून दाखवलेल्या व्हिडिओपुरती आणि पुरेसं बजेट असणाऱ्यांसाठी. मेटावरच्या जाहिरातीमुळे गूगलवर झालेले शोध तिला दिसणार नाहीत. प्रदेशांची पद्धत कुठल्याही माध्यमाला चालते.

एका गोष्टीत मी तुमच्याही पुढे जाईन. व्हिडिओने आणलेला शोध ब्रँड कीवर्डच्या जाहिरातीने पकडला की श्रेय तिला देणं, ही मला जास्त मोठी पळवाट वाटते. ईबेने 2012 मध्ये काही सर्च इंजिनांवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती बंद केल्या, तेव्हा गमावलेले जवळपास सगळे क्लिक साध्या निकालांतून परत आले. ईबेएवढं नाव नसेल किंवा स्पर्धक तुमच्या नावावर बोली लावत असतील तर चित्र वेगळं असू शकतं. इथे मात्र ते कॅम्पेन मी मोजायलाच वापरतोय.

तुमच्या पुढच्या मोहिमेबद्दल. पैसे टाकण्याआधी मागच्या 12 आठवड्यांचं गुणोत्तर काढा. त्यासाठी दोन्ही कॅम्पेन तेवढे दिवस आधी सुरू करावी लागतील. ते 4% ने आपोआप हलत असेल आणि अपेक्षित शोध 9,000 असतील, तर आठवड्याला 360 हून कमी जादा शोध आणणारी मोहीम एकेका आठवड्याच्या आकड्यांत दिसणारच नाही. चार आठवड्यांच्या सरासरीत थोडं कमीही दिसेल, पण फार कमी नाही. बजेट छोटं असेल तर ते सगळीकडे पातळ पसरू नका. दोन-तीन प्रदेशांत एकवटा, तिथल्या लोकांना जाहिरात पुरेशा वेळा दिसू द्या आणि बाकीचे सगळे प्रदेश तुलनेला ठेवा.