एकच जोखीम दोनदा: रोख प्रवाहालाही कात्री आणि वटाव दरातही वाढ

«डीसीएफ करताना, म्हणजे भविष्यातील रोख प्रवाह वटाव दराने आजच्या मूल्यात आणताना, कंपनीने दिलेला अंदाज थोडा खाली ओढावा आणि वटाव दरही दोन-तीन टक्क्यांनी वाढवावा. जोखीम खरी असेल तर ती दोन्हीकडे धरलेली बरी. रकमेत धरली काय आणि दरात धरली काय, परिणाम एकच. आणि मूल्य थोडे कमी निघाले तरी नुकसान कोणाचेच होत नाही. सावध मूल्यांकन कधी चुकत नाही.»

मूल्यांकनाच्या कामात हा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो आणि तो मला चुकीचा वाटतो. काही वर्षांपूर्वी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मूल्यांकनाचा तक्ता माझ्याकडे फेरतपासणीसाठी आला होता. कारखान्याचा बराचसा माल एकाच मोठ्या ग्राहकाकडे जात असे आणि त्या ग्राहकाबरोबरच्या कराराची मुदत संपत आली होती. रोख प्रवाहाच्या पानावर तळटीप होती, «ग्राहक जाण्याची शक्यता धरून अंदाज कमी केला आहे». वटाव दराच्या पानावर 3 टक्क्यांची एक ओळ होती आणि तिच्यासमोर कारण लिहिले होते, «एकाच ग्राहकावरील अवलंबित्व». ही दोन पाने दोन वेगवेगळ्या माणसांनी भरली होती आणि दोघांनीही आपापल्या पानापुरते प्रामाणिक काम केले होते. चूक कोणत्याही एका पानावर दिसत नव्हती. ती दोन्ही पाने शेजारी ठेवल्यावरच दिसली.

त्या प्रकरणाचे आकडे सोपे करून मांडतो. ग्राहक टिकला तर कारखान्याला दर वर्षी 10 कोटी रुपयांचा मुक्त रोख प्रवाह मिळेल आणि गेला तर 6 कोटी. ग्राहक जाण्याची शक्यता 25 टक्के आहे आणि काय होणार ते पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच ठरणार आहे. त्यानंतर प्रवाह वाढ न होता कायम चालू राहतो असे समजू. कारखान्यावर कर्ज नाही. वटाव दर, म्हणजे ज्याला आपण रोजच्या कामात डिस्काउंट रेट म्हणतो तो, 12 टक्के आहे आणि तो अशाच धंद्यातील इतर कंपन्यांच्या बाजारभावांवरून काढलेला आहे.

जोखीम अजिबात धरली नाही तर मूल्य 10 भागिले 0.12, म्हणजे सुमारे 83.3 कोटी. ती रकमेत धरली तर 10 चे 75 टक्के आणि 6 चे 25 टक्के मिळून अपेक्षित प्रवाह 9 कोटी होतो आणि मूल्य 75 कोटी येते. म्हणजे ग्राहक जाण्याच्या भीतीची पूर्ण किंमत साधारण 8.3 कोटी आहे. मूळ तक्त्यात मात्र 9 कोटींना 15 टक्के दर लावला होता आणि उत्तर 60 कोटी आले होते. 8.3 कोटींच्या जोखमीसाठी 23.3 कोटी कापले गेले. «जोखीम खरी आहे» हे विधान बरोबरच आहे. पण खरी असली तरी ती एकच आहे आणि तिची किंमत एकदाच वजा होऊ शकते.

हा घोटाळा आकड्यांतून पकडायचा असेल तर मी उलटे गणित करतो. 60 कोटी हे उत्तर आणि 12 टक्के हा दर दोन्ही कायम ठेवून प्रवाह काढला तर तो 7.2 कोटी येतो. 10 आणि 6 यांच्यामध्ये 7.2 येण्यासाठी ग्राहक जाण्याची शक्यता 70 टक्के असावी लागते. ज्यांनी तो अंदाज भरला होता त्यांना हा आकडा दाखवला असता तर त्यांनी तो तेथेच नाकारला असता, कारण त्यांनी स्वतः 25 टक्के लिहिले होते. दुहेरी मोजणीमुळे कागदावर कोठेही न लिहिलेले एक मत अहवालात शिरते आणि त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

आता त्या सल्ल्यातील दुसरा मुद्दा, रक्कम आणि दर यांचा परिणाम सारखाच असण्याचा. दोन्ही मार्गांनी एकाच उत्तरापर्यंत पोहोचता येते, हे खरे; पण त्यासाठी दरातील वाढ मोजून काढावी लागते. आपल्या उदाहरणात 10 कोटींच्या प्रवाहावरून 75 कोटी येण्यासाठी दर 13.33 टक्के हवा, म्हणजे वाढ सव्वा टक्क्याच्या थोडी वर. सवयीने घातलेले 3 टक्के एकटेच, रकमेला हात न लावता, मूल्य 66.7 कोटींवर आणतात आणि ग्राहक जाण्याची शक्यता 50 टक्के असल्याचे सांगतात. दरातील एकेक टक्का किती मोठा असतो याचा अंदाज नुसत्या नजरेने येत नाही.

त्यातही दरातील वाढ दर वर्षी चक्रवाढीने लागते. 12 ऐवजी 15 टक्के धरले की पहिल्या वर्षाच्या प्रवाहाचे आजचे मूल्य सुमारे 2.6 टक्क्यांनी घटते, दहाव्या वर्षाचे 23 टक्क्यांनी आणि विसाव्या वर्षाचे 41 टक्क्यांनी. धोका खरोखरच वर्षागणिक साचत जाणारा असेल तर हा आकार त्याला शोभतो. पण करार टिकणे, परवाना मिळणे, खटल्याचा निकाल लागणे या एकदाच घडणाऱ्या गोष्टी आहेत. ग्राहक गेला तर पहिल्या वर्षापासून सगळे प्रवाह सारख्याच प्रमाणात घटतात आणि टिकला तर विसाव्या वर्षी त्या कराराची भीती उरलेली नसते. म्हणून अशा जोखमीची जागा रकमेत आहे, शक्यतांसह मांडलेल्या दोन-तीन परिस्थितींमध्ये.

मग प्रवाह अपेक्षित मूल्यावर आणल्यानंतर वटाव दर सरकारी रोख्यांच्या दराइतका खाली आणावा काय? नाही, आणि खंडन करणारे पुष्कळजण येथे दुसऱ्या टोकाला जातात. अपेक्षित प्रवाह म्हणजे सरासरी. त्या सरासरीच्या वरखाली होण्याची अनिश्चितता शिल्लकच असते. त्यातील जो भाग संपूर्ण बाजाराबरोबर हलतो, म्हणजे मंदीत वाहनांची मागणी पडते आणि तिच्याबरोबर आपला कारखानाही पडतो तो भाग, गुंतवणूकदाराला इतर शेअर घेऊन टाळता येत नाही. त्याचा मोबदला तो मागतो आणि तो मोबदला 12 टक्क्यांच्या दरात आहे. तेव्हा रकमेत शक्यता आणि दरात बाजाराची जोखीम हे दोन्ही एकत्र असणे ही दुहेरी मोजणी नव्हे, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रास्त मूल्याच्या भारतीय लेखा मानकात, म्हणजे इंड एएस 113 च्या परिशिष्ट ब मध्ये, हा फरक एका छोट्या उदाहरणात दिला आहे. वर्षभराने 500 मिळण्याची शक्यता 15 टक्के, 800 ची 60 टक्के आणि 900 ची 25 टक्के; अपेक्षित रक्कम 780. जोखीममुक्त दर 5 टक्के आणि बाजाराच्या जोखमीचा प्रीमियम 3 टक्के. एका पद्धतीत 780 ला 8 टक्क्यांनी वटवतात आणि 722 मिळतात. दुसऱ्या पद्धतीत त्या जोखमीचे 22 आधी रकमेतून वजा करतात आणि उरलेल्या 758 ला फक्त 5 टक्क्यांनी वटवतात; उत्तर पुन्हा 722. आता 758 ला 8 टक्क्यांनी वटवून पाहा. 702 येतात. अंदाज सरासरीच्याही खाली ओढणारा माणूस नकळत 758 कडे सरकलेला असतो. त्याने दर वाढवायचा नसून कमी करायचा असतो. मालमत्तेच्या इम्पेअरमेंटसाठीच्या, म्हणजे पुस्तकी मूल्य वसूल होण्याजोगे नसेल तर तोटा दाखवण्यासाठीच्या, इंड एएस 36 मध्येही परिच्छेद 55 आणि 56 हेच सांगतात: ज्या जोखमीसाठी रोख प्रवाहात आधीच बदल केला आहे ती वटाव दरात धरू नये.

सावधपणाने नुकसान होत नाही, या म्हणण्याला मी सर्वांत ठामपणे विरोध करतो. मूल्यांकनाला दोन बाजू असतात. विलीनीकरणात कारखान्याचे 60 कोटी धरले गेले तर 10 टक्के भागधारक असलेल्या कुटुंबाचे दीड कोटी रुपये समोरच्याकडे जातात आणि ते कुटुंब बहुधा तो तक्ता कधी पाहतही नाही. इम्पेअरमेंट चाचणीत वरचेच आकडे करपूर्व धरले आणि पुस्तकी मूल्य 70 कोटी असले, तर 75 कोटींवर कोणताही तोटा नाही आणि 60 कोटींवर 10 कोटींचा तोटा दाखवावा लागतो. त्यातील जो भाग गुडविलचा असेल तो पुढे परिस्थिती सुधारली तरी परत घेता येत नाही. कंपनी कायदा 2013 चे कलम 247 नोंदणीकृत मूल्यांककाकडून निःपक्षपाती, खरे आणि योग्य मूल्यांकन मागते. कमी बाजूला झुकलेले मूल्यांकनही झुकलेलेच असते.

टाळायचे कसे, तर माझी पद्धत साधी आहे. आकडेमोड सुरू करण्याआधी एका पानावर जोखमींची यादी करतो आणि प्रत्येकीसमोर एकच जागा लिहितो: रोख प्रवाह, वटाव दर किंवा शेवटची वजावट. ही तिसरी जागा विसरू नये, कारण शेअर सहज विकता येत नाहीत म्हणून शेवटी जी टक्केवारी वजा होते तिच्यात कंपनी लहान असल्याची भीती पुष्कळदा पुन्हा येते. टर्मिनल व्हॅल्यूतील, म्हणजे अंदाजाच्या वर्षांनंतरच्या सगळ्या प्रवाहांच्या मूल्यातील, वाढीचा दर त्याच भीतीने खाली आणलेला असेल तर तोही रोख प्रवाहाच्या खात्यात धरावा.

त्यानंतर कंपनीच्या वित्त विभागाला एक प्रश्न विचारावा लागतो: हा आकडा ठरल्याप्रमाणे सगळे घडले तर येणारा आहे, की बऱ्यावाईटाची सरासरी आहे, की संचालक मंडळासमोर फजिती होऊ नये म्हणून आधीच कमी करून दिलेला आहे? तिन्ही उत्तरे मी ऐकली आहेत. नुसत्या शब्दावर न थांबता मागील चार-पाच वर्षांचे अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी मांडावेत. प्रत्यक्ष आकडे सातत्याने वर राहिले असतील तर कात्री आधीच लागलेली आहे आणि आपण आणखी कापण्याचे कारण उरत नाही. सातत्याने खाली राहिले असतील तर दुरुस्ती अंदाजात करावी, दरात नव्हे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. कधी कंपनी एकच अंदाज देते, परिस्थिती वेगळ्या करून मांडण्याइतकी माहिती मिळत नाही आणि शक्यतांचे आकडे लिहिणे म्हणजे हवेत बाण मारणे ठरते. तेव्हा दरात कंपनीपुरता प्रीमियम घालणे मला गैर वाटत नाही, पण मग रोख प्रवाह दिला तसाच ठेवावा आणि तो प्रीमियम कोणत्या जोखमीसाठी आहे हे अहवालात नाव घेऊन लिहावे. उलटे गणित करून त्यातून निघणारी शक्यताही शेजारी लिहावी. त्या कारखान्याच्या तक्त्यात मी 3 टक्क्यांची ओळ काढली, 9 कोटींचा अंदाज तसाच ठेवला आणि ज्यांनी ती ओळ भरली होती त्यांना 70 टक्क्यांचा आकडा दाखवला. त्यांनी तो दोनदा पडताळून पाहिला आणि अहवाल 75 कोटींवर गेला.