‘पेव’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर: कंदील विझलेला आधी का दाखवला

“‘पेव’ वाचली. वर्णन छान, पण रहस्य तुम्हीच तिसऱ्या परिच्छेदात फोडलंत. पेवात हवा नाही हे आधीच सांगून टाकल्यावर पुढचं वाचायचं कशाला? शेवटी कळलं असतं तर दणका बसला असता. आणि सतीश, बाळू दोघंही बिनडोक वाटतात. हरिपूरच्या पोरांना कंदील सोडून बघायचं माहीत नसतं होय? – एक सांगलीकर काका”

काका, दुसऱ्या आक्षेपापुढे हात टेकतो. पहिल्यावर मात्र भांडणार आहे, तेव्हा भांडण आधी उरकू.

कथा न वाचता नुसत्या प्रतिक्रिया वाचणारेही बरेच असतात (मीही त्यातलाच), म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायची ती जमिनीखाली, पेवात. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली पोट रुंद, खोली वीस-पंचवीस फूट. तोंड बंद करून माती लिंपली की आतल्या हळदीला कीड लागत नाही. कीड ज्या कारणानं जगत नाही त्याच कारणानं माणूसही जगत नाही. आतला प्राणवायू संपत जातो आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी बसून राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पेव उघडल्यावर काही तास तसंच ठेवायचं, मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. माझी कथा 2005 च्या महापुराआधीची आहे, कारण त्या पुरानं पुष्कळ पेवं निकामी केली.

कथेत दगडूनाना उजाडताना पेव उघडतात, तासाभरानं कंदील सोडतात, तो अर्ध्यावर विझतो. तोंडावर बाभळीची फांदी आडवी टाकून, कंदील शेजारी ठेवून ते चहाला जातात. मालक दुपारशिवाय येत नाही हे त्यांना माहीत. फांदी एक बकरी ओढून नेते. मग मालकाचा पुतण्या सतीश आणि त्याचा दोस्त बाळू येतात. टेम्पो आठला यायचाय, त्याआधी पोती वर काढायचीत.

आता खरं सांगतो. या कथेचा पहिला खर्डा तुम्ही म्हणता तसाच होता. नाना नव्हते, बकरी नव्हती. दोघं येतात, गप्पा मारतात, सतीश उतरतो आणि कोसळतो. दणका. बहिणीला वाचायला दिला. तिनं कागद खाली ठेवला आणि विचारलं, “पण मेला कशानं?”

तिच्या त्या प्रश्नात सगळं आलं. धोका बंदुकीचा असता तर तिला विचारावं लागलं नसतं. गोळी सुटली, माणूस पडला, संपलं. मेलेल्या हवेचं तसं नाही. ती काय असते हे वाचकाला माहीत असेल तरच तिची भीती वाटणार. म्हणजे मला दणका आधी देऊन खुलासा मागून द्यावा लागला असता, आणि माणूस मेल्यावर दोन परिच्छेद प्राणवायूचं शास्त्र वाचायला कोण थांबतं? त्याहून वाईट म्हणजे दणक्याआधीचे चारशे शब्द. दोन पोरं हळदीच्या दराबद्दल बोलतायत, टेम्पोवाल्याला शिव्या देतायत. वाचक म्हणणार, बरं मग? तोच मजकूर, शब्दही न बदलता, कंदील विझलेला पाहिलेल्या वाचकाला दिला तर त्याला दर दिसतच नाही. त्याला फक्त ते उघडं तोंड दिसतं. टेम्पो उशिरा यावा अशी तो मनातल्या मनात प्रार्थना करतो, आणि नेमका लांबून हॉर्न ऐकू येतो.

प्रेक्षकाला दिसणारा पण पात्रांना न दिसणारा टेबलाखालचा बॉम्ब, हे उदाहरण या विषयावर सगळेच देतात, ते सोडून देतो. आपल्याकडे त्याची गरजही नाही. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवर लावलं 1843 मध्ये, तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे समोर बसलेल्या प्रत्येकाला पाठ होतं. सोनेरी हरणाचा प्रसंग घ्या. तो मारीच आहे हे पोरासोरांनाही ठाऊक असतं, सीतेला ठाऊक नसतं. कीर्तनात बुवा हरणाच्या कातड्याची चमक रंगवत बसतात आणि मागे बसलेली आजी पुटपुटते, “नको गं बाई, नको पाठवूस.” मारीच कोण हे बुवांनी शेवटी सांगितलं असतं तर आजीनं फार तर “अगंबाई” म्हटलं असतं.

म्हणून दोष असला तर तो आधी सांगण्यात नाही, कसं सांगितलं त्यात आहे. मी तिसऱ्या परिच्छेदात तीनच गोष्टी दिल्या: धोका काय, नेमका कुठे, आणि किती वेळ टिकणार. नाना स्वतःशी म्हणतात, “अजून दोन-तीन तास तरी नाही.” तिथून वाचकाच्या हातात घड्याळ आलं. ‘पेवाच्या काळोखात काहीतरी दबा धरून होतं’ असं लिहिलं असतं तर काटाही आला नसता आणि घड्याळही मिळालं नसतं.

कथेत मला सगळ्यात प्रिय काय असेल तर तो कंदील. सतीश येतो, कंदील उचलतो, काचेला हात लावतो. काच अजून कोमट. तो म्हणतो, “नानांनी बघितलंय.” त्याच्या दृष्टीनं कोमट काच म्हणजे तपासणी झाली, वाट मोकळी. आपण तोच कंदील विझताना पाहिलाय. वस्तू एक, तिचे अर्थ दोन, आणि दोन्ही बरोबर. कारण नानांनी खरंच बघितलं होतं! मला वाटतं हा प्रकार इथेच साधतो. पात्राला खूण दिसत नाही म्हणून ते फसलं तर आपण त्याच्यावर चिडतो. खूण दिसते, हातात येते, आणि तरी उलटी वाचली जाते, तेव्हा आपला जीव वरखाली होतो.

दुसरी तशीच जागा म्हणजे बाळूची काडी. तो बिडी पेटवतो आणि जळती काडी पेवात टाकतो. ती विझते. आता खाली पडणारी काडी विझतेच, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. बाळू बघतही नाही. पण आपण बघतो. सुटकेची फट अशी क्षणभर उघडून बंद झाली पाहिजे. खर्ड्यात तिसरी फटही होती, एक म्हातारी हाक मारते आणि तिची हाक वाऱ्यावर जाते. ती काढून टाकली. दोनदा वाचकाला वाटतं दैव खेळतंय, तिसऱ्यांदा त्याला लेखकाचा हात दिसतो.

शिवाय सतीश कोसळल्यावर गोष्ट संपत नाही, हे तुमच्या नजरेतून निसटलं असावं. वरून बाळूला एवढंच दिसतं की तो घसरला. तो दोर धरतो, चपला काढतो. पेवात आणि विहिरीत खरोखर असंच होतं, पहिल्याला काढायला गेलेला दुसरा त्याच्याच शेजारी पडतो. तुमच्या पद्धतीनं लिहिलं असतं तर वाचक त्या क्षणी बाळूइतकाच गोंधळलेला असता आणि त्यालाही दोर धरावासा वाटला असता. आता मात्र तो ओरडतोय, उतरू नकोस. दणका एकाच्या मरणाला पुरतो. दुसऱ्यासाठी जीव टांगणीला लागायचा तर वाचकाला आधीच माहीत असावं लागतं.

आता तुमचं बरोबर आहे त्याकडे येतो. दोघं बिनडोक वाटतात हे मी पुन्हा वाचलं आणि पटलं. कारणही सापडलं. सतीशला नियम माहीत आहे. त्याची समजूत अशी की पेव काल संध्याकाळीच उघडलंय, कारण त्याचा काका, म्हणजे पेवाचा मालक, तसं म्हणाला होता. रात्रभर उघडं राहिलेलं पेव, वर कोमट कंदील, मग शंका कशाला घ्यायची? त्याचा हिशोब अगदी चोख आहे, फक्त त्यातला पहिला आकडा चुकलाय. पण हे वाक्य मी कुठे ठेवलं? तो कमरेपर्यंत आत उतरल्यावर. तोवर तुम्ही त्याला मूर्ख ठरवून मोकळे झाला होता, आणि मागून दिलेलं कारण सारवासारव वाटतं. असा खुलासा वाचकाच्या मनात आक्षेप येण्याच्या आधी पोचायला हवा. छापलेलं असं होतं:

“सतीश आत उतरला. ‘काल सांजंलाच उघडलंय काकानं,’ तो खालून म्हणाला.”

आता असं करतोय:

“‘काल सांजंचं उघडलंय न्हवं?’ बाळूनं विचारलं. ‘काका म्हनला तसंच.’ सतीशनं कंदील उचलला. काच कोमट होती. ‘आन् नानांनी बघितलंय बी.’”

प्रश्न बाळूच्या तोंडी दिला, कारण तो तुमचाच प्रश्न आहे. पात्रानं विचारून टाकला की तुम्हाला विचारायला उरत नाही. कंदीलही उतरण्याच्या आधी आला, म्हणजे दोन चुकीचे पुरावे एकाला एक लागून बसले.

तुम्ही न पकडलेली एक चूकही कबूल करतो. ‘त्याला काय ठाऊक होतं’ हे वाक्य मी तीनदा वापरलंय. वाचकाला ठाऊक आहे, पात्राला नाही, एवढं लिहून झाल्यावर लेखकानं मध्ये येऊन डोळा मारायची काय गरज? तिन्ही काढली.

आणि कुठलीही भयकथा अशीच लिहावी असं माझं म्हणणं नाही. फांदी बकरीनं नाही, पुतण्याचा काटा काढायला काकानंच हलवली अशी गोष्ट असती तर ‘कोणी केलं’ हे मी शेवटपर्यंत झाकलं असतं. तसंच सतीश स्वतः ‘मी’ म्हणून सांगत असता तर त्याला माहीत नसलेलं तुम्हाला सांगायला वाटच नव्हती. इथे मात्र गुन्हेगार कुणी नाही, नुसती हवा आहे, आणि ती लपवून मला काही मिळणार नव्हतं.

दुरुस्त केलेला भाग आज रात्री टाकतो. बकरीवर तुमचा आक्षेप नव्हता, पण आईचा आहे. ती म्हणते, बाभळीची फांदी बकरी ओढून नेईल कशाला, तिथंच उभी राहून खाईल. हे मात्र अजून सुटलेलं नाही.